शब्दचर्चा: ‘हँड हायजिन’ला ‘हात धुवा’ म्हणावं का?

वैशाली (वणी)
आमच्या भागातल्या एका धर्मादाय रुग्णालयासाठी संसर्ग-नियंत्रणाच्या सूचना मराठीत करतेय. वाचणाऱ्यांत जीएनएम, एएनएम झालेल्या सिस्टर आहेत, पण तोच कागद मावशींना आणि वॉर्डबॉयलाही वाचून दाखवणार आहेत. मुळात ‘परफॉर्म हँड हायजिन’ हे शब्द पानोपानी येतात. मी सरळ ‘हात धुवा’ असं केलं. मेट्रन म्हणाल्या, हे चालायचं नाही, आणि राउंडला निघून गेल्या. का चालायचं नाही? आणि दुसरं काय लिहू?

शब्दप्रेमी (अमरावती)
‘हस्तप्रक्षालन’ हा घडीव शब्द तयार असताना शोधाशोध कशाला? ‘हात धुवा’ बोलीतलं झालं, नियमावलीत ते हलकं वाटतं. मेट्रनबाईंचा आक्षेप बहुधा तोच असावा. शिवाय ‘हायजिन’ म्हणजे नुसती क्रिया नाही, ती एक शिस्त आहे. त्या अर्थाने ‘हस्तस्वच्छता’ही चालेल, पण मला प्रक्षालन भारदस्त वाटतं.

निवृत्त परिसेविका (यवतमाळ)
शब्दप्रेमी, ‘हायजिन’ नुसत्या धुण्यापेक्षा मोठं, हे तुम्ही बरोबर पकडलंत. पण प्रक्षालन म्हणजे पुन्हा धुणंच की हो, आणि मेट्रनचा आक्षेप धुण्यालाच असणार.

वैशालीताई, हँड हायजिनमध्ये दोन गोष्टी येतात. एक, साबण-पाण्याने हात धुणं. दुसरी, अल्कोहोलचं द्रावण हातावर घेऊन चोळणं. वॉर्डात रोज बहुतेक वेळा दुसरीच अपेक्षित असते, म्हणून तर बाटली खाटेच्या पायथ्याशी लावतात. आता ‘हात धुवा’ लिहिलं तर काय होतं पाहा. बेसिन वॉर्डाच्या एका टोकाला. मे महिन्यात आपल्याकडे नळाला पाणी येईलच असं नाही. सिस्टरच्या हातात ट्रे, आणि सात नंबरच्या खाटेवर सलाइन लावायचंय. ती बेसिनपर्यंत जाणार नाही. कागद ‘धुवा’ म्हणतो आणि धुणं जमत नाही, म्हणून ती काहीच करत नाही. बाटली मात्र शेजारीच असते.

उलटही होतं. अशीच एक सूचना मी सगळीकडे ‘हात निर्जंतुक करा’ अशी केलेली पाहिली आहे. मग जुलाबाच्या रुग्णाचं अंथरूण बदलूनही पोरी द्रावणच चोळत होत्या. हाताला घाण दिसत असेल, रक्त लागलं असेल, किंवा जुलाब करणाऱ्या काही जंतूंचे बीजाणू असतील, तर अल्कोहोल पुरत नाही. बीजाणू त्याने मरत नाहीत, ते पाण्याने वाहूनच जावे लागतात. तिथे साबण-पाणीच हवं, आणि ‘धुवा’ हाच शब्द हवा.

म्हणून मी तीन शब्द वेगळे ठेवीन. दोन्ही चालत असेल तिथे ‘हात स्वच्छ करा’, द्रावणच हवं तिथे ‘हात चोळा’, पाणीच हवं तिथे ‘हात धुवा’. आणि एकदा ठरवलं की शेवटच्या पानापर्यंत बदलायचं नाही. शाळेच्या निबंधात पुनरुक्ती टाळतात, इथे मुद्दाम करायची.

प्रणाली, स्टाफ नर्स (गडचिरोली जिल्हा)
आम्ही ड्यूटीवर ‘हँडरब’ आणि ‘हँडवॉश’ असंच म्हणतो, मराठीत कोणी बोलतच नाही. मावशीसुद्धा म्हणतात, “सिस्टर, हँडरब संपलं.” तेच ठेवलं तर काय बिघडतं?

निवृत्त परिसेविका (यवतमाळ)
काही बिघडत नाही. बाटलीला हँडरबच म्हणा. पण क्रियापद मराठी हवं, कारण चुका क्रियापदात होतात. ‘हँडरब करा’ म्हटलं की एक थेंब टेकवून दोन तळवे एकमेकांवर घासले, झालं. ‘चोळा’ म्हटलं की निदान कुठे चोळायचं, हा प्रश्न तरी पडतो.

वैशाली (वणी)
हे पटलं. मग पायऱ्यांचंही विचारते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावरून घेतल्यात. तीन ठिकाणी अडलेय. ‘पामफुल’ला मी ‘ओंजळभर’ लिहिलंय. एका पायरीत बोटं ‘इंटरलेस्ड’ आहेत, पुढच्या एकीत ‘इंटरलॉक्ड’, आणि मी दोन्हीकडे ‘गुंफून’ केलंय. शेवटची ओळ ‘हात कोरडे करा’ अशी केलीय.

प्रणाली, स्टाफ नर्स (गडचिरोली जिल्हा)
ओंजळभर 😂 ताई, ओंजळीला दोन हात लागतात, अर्धी बाटली जाईल. एकाच तळहाताचा खोलगा करून त्यात घ्यायचं असतं. आमच्या ट्रेनिंगमध्ये साधारण ३ मिली सांगितलं होतं. आमच्या बाटलीचा पंप दोनदा दाबला की तेवढं येतं, पण पंप सगळे सारखे नसतात.

शब्दप्रेमी (अमरावती)
एका हाताच्या खोलग्याला ‘पसा’ हा सुंदर शब्द आहे. ‘पसाभर द्रावण’ लिहा.

निवृत्त परिसेविका (यवतमाळ)
शब्द सुंदर आहे, पण पसा म्हटला की घरोघरी धान्य आठवतं, आणि तो काठोकाठ भरतात. ‘तळहाताचा खोलगा करून त्यात दोन पंप’ लिहा. आणि प्रणाली म्हणते तसं, दोन पंप पुरतात का हे त्या रुग्णालयातल्या बाटलीवर एकदा बघून घ्या. हात दहा-पंधरा सेकंदांतच सुकले तर द्रावण कमी घेतलंय असं समजायचं. सगळं चोळणं २० ते ३० सेकंद चाललं पाहिजे. साबण-पाण्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ४० ते ६० सेकंद.

गुंफण्याचं. तळव्यावर तळवा ठेवून बोटांमधून बोटं घालतो, तिथे ‘गुंफून’ बरोबर. एक तळवा दुसऱ्या हाताच्या पाठीवर ठेवतो, तिथेही तेच. पण पुढच्या पायरीत बोटं वाकवून एकमेकांत आकड्यासारखी अडकवायची असतात, म्हणजे बोटांची पाठ समोरच्या तळव्यावर घासली जाते. तिथेही ‘गुंफून’ लिहिलंत तर आधीचीच पायरी दुसऱ्यांदा होईल आणि बोटांची पाठ राहून जाईल. ‘बोटं वाकवून एकमेकांत अडकवा, बोटांची पाठ तळव्यावर घासा’ असं लिहा.

त्यानंतर अंगठा येतो. ‘अंगठा मुठीत धरून फिरवा’ असं मी वाचलंय, आणि पोरी अंगठाच गरागरा फिरवत होत्या. फिरवायची मूठ असते. अंगठा स्थिर, दुसऱ्या हाताची मूठ त्याच्याभोवती फिरते. अंगठा आणि बोटांची टोकं, हात स्वच्छ करताना हेच सर्वांत जास्त सुटतं. आणि रुग्णाला पहिल्यांदा लागतात तीही बोटांची टोकंच.

आता ‘कोरडे करा’. ही ओळ आजच बदला. असं लिहिलं की सिस्टर पदराला, नॅपकिनला, नाहीतर ॲप्रनला हात पुसते. चोळलेलं द्रावण पुसलं जातं आणि नॅपकिनवरचं हाताला लागतं. ‘द्रावण आपोआप सुकेपर्यंत चोळत राहा, पुसू नका’ असं लिहा. धुतलेल्या हातांना मात्र पुसायचंच असतं, एकदाच वापरायच्या कागदी टॉवेलने, आणि त्याच टॉवेलने नळ बंद करायचा. म्हणून ही ओळ दोन तक्त्यांत दोन वेगळ्या तऱ्हेने येईल.

स्वप्नील (आर्वी)
मी काही डॉक्टर-नर्स नाही, पण विषय निघालाच तं सांगतो. दोन वर्षांमागं आमच्या बाबाले टीबी निघाला. दवाखान्यात येगळी खोली देल्ली, दारावर बोर्ड: ‘विलगीकरण. संपर्क टाळा.’ तं काय, मावशी डबा दाराबाहेरच ठेवून जाय. सिस्टर गोळ्या खिडकीतून देत. आई पाय दाबून द्याले घाबरे. आन् खोलीची खिडकी? बंद, थंडी म्हणून! डिस्चार्जच्या दिवशी एका सिस्टरनं सांगितलं का हा हातानं लागत नाही. मंग बोर्ड काहून तसा लावला होता? हे हात धुण्याच्या नियमानंच झालं का?

निवृत्त परिसेविका (यवतमाळ)
नाही दादा, हात धुण्याचा इथे संबंध नाही. पण तुमच्या बोर्डामुळे वैशालीताईंचं पुढचं प्रकरण सुरू होतं, म्हणून लिहिते.

टीबी हवेतून लागतो. रुग्ण खोकला की अगदी बारीक कण हवेत तरंगत राहतात. ताट, अंथरूण, पाय दाबणं, यांनी लागत नाही. तिथे हवं होतं ते असं: वॉर्डाकडचं दार बंद, बाहेरच्या बाजूची खिडकी उघडी, पंखा असला तर हवा खिडकीतून बाहेर जाईल अशी दिशा. आत जाणाऱ्या सिस्टरच्या तोंडावर घट्ट बसणारा एन-९५. बाबांना खोलीबाहेर न्यायचं असेल तर त्यांना साधा मास्क. म्हणजे जे टाळायला सांगितलं त्याची गरज नव्हती, आणि जी खिडकी उघडायची ती बंद होती.

इंग्रजी कागदात बहुधा ‘कॉन्टॅक्ट प्रिकॉशन्स’ आणि ‘एअरबोर्न प्रिकॉशन्स’ असे दोन बोर्ड असणार. कोणीतरी दोन्हींचं एकच करून टाकलं.

वैशाली (वणी)
माझ्या मसुद्यातही ‘संपर्क खबरदारी’ असंच आहे. खरूज, चिघळलेली जखम, जुलाब, यांच्यासाठी.

प्रणाली, स्टाफ नर्स (गडचिरोली जिल्हा)
कोविडनंतर ‘संपर्क’ म्हटलं की लोकांना ‘संपर्कात आलेली व्यक्ती’च आठवते. ‘संपर्क टाळा’ वाचून नातेवाईक खोलीच्या आसपासही फिरकत नाहीत. ‘स्पर्शातून पसरतो’ लिहा ना. आणि खाली काय करायचं ते: आत जाताना हातमोजे आणि गाऊन, बाहेर येताना ते आतच काढून हात स्वच्छ करा.

शब्दप्रेमी (अमरावती)
‘विलगीकरण’ तरी ठेवणार ना? तो आता रुळला आहे. क्वारंटाइनला ‘अलगीकरण’ आणि आयसोलेशनला ‘विलगीकरण’, असा भेद सरकारी कागदांतही होता.

निवृत्त परिसेविका (यवतमाळ)
कागदावर होता, पण गावात ‘गृह विलगीकरण’ दोन्हींना म्हणत. बाधिताला वेगळं ठेवणं आणि नुसत्या संशयिताला वेगळं ठेवणं, हा फरक बोलण्यात उरला नाही. मी शीर्षकात विलगीकरण ठेवीन, दारावर नाही. दारावर फक्त मार्ग लिहीन: ‘हवेतून’, ‘शिंतोड्यांतून’, ‘स्पर्शातून’. आजाराचं नावही दारावर नको, ते केसपेपरवर.

वैशाली (वणी)
‘शिंतोडे’ बरा वाटत नाही. शिंतोडे चिखलाचे उडतात. मी ‘थेंब’ केलंय.

निवृत्त परिसेविका (यवतमाळ)
थेंब खाली पडतो, शिंतोडा समोरच्याच्या अंगावर उडतो. घटसर्प, गालगुंड, फ्लू यांत शिंकेतून तसंच उडतं, म्हणून दोन खाटांत निदान एक मीटर अंतर ठेवतात. पण मला हट्ट नाही.

शब्दप्रेमी (अमरावती)
‘तुषार’?

प्रणाली, स्टाफ नर्स (गडचिरोली जिल्हा)
आमच्याकडे तुषार म्हटलं का शेतातलं स्प्रिंकलर. ‘खोकल्याचे थेंब’ लिहा, मावशीला लगेच कळतं.

स्वप्नील (आर्वी)
तं मंग आईनं पाय दाबले असते तं चाललं असतं?

निवृत्त परिसेविका (यवतमाळ)
पाय दाबल्याने काही झालं नसतं, दादा. पण त्या खोलीत बसताना खिडकी उघडी हवी होती, बाबांच्या तोंडावर मास्क आणि आईच्या तोंडावर एन-९५.

वैशाली (वणी)
शेवटचं एक. स्पर्शाच्या प्रकरणात ‘डेडिकेटेड’ बी.पी. मशिन आणि थर्मामीटर आहे. मी ‘समर्पित’ केलंय आणि मलाच हसू येतंय.

प्रणाली, स्टाफ नर्स (गडचिरोली जिल्हा)
‘याच रुग्णापुरतं’ लिहा. पण ताई, आमच्या वॉर्डात बी.पी. मशिन एकच आहे. तिथे काय लिहिणार?

निवृत्त परिसेविका (यवतमाळ)
मग ‘प्रत्येक वापरानंतर पुसा’ ही ओळ वाढवा, आणि कशाने पुसायचं ते मेट्रनना विचारून घ्या. कापडी पट्ट्याचं काय करायचं, यावर आमच्या वॉर्डात शेवटपर्यंत एकमत झालं नव्हतं.