नातवाच्या तोंडून बाबांची स्कूटर सोडवली. हे पटवणं झालं की फिरवणं?

वैभव (लोकमान्य नगर, इंदूर)
बाबा ७६ वर्षांचे. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत थेंब चालू आहेत. तरी रोज संध्याकाळी स्कूटर काढून राजवाड्याला जायचे. काही बोललं की ठरलेलं उत्तर: "मला स्वच्छ दिसतं, तुम्हीच घाबरट." शेवटी मी माझ्या आठ वर्षांच्या मुलाला शिकवलं, की आबांना म्हण, "तुम्ही पडलात तर मला बुद्धिबळ कोण शिकवणार?" तो म्हणाला, आणि म्हणताना रडलाही. बाबांनी त्याच रात्री किल्ली माझ्या हातात दिली. वडोदऱ्याची बहीण म्हणते, हे मॅनिप्युलेशन आहे. मी एक अक्षर खोटं बोललो नाही, धमकी दिली नाही, फायदा बाबांचाच. मग चूक नेमकी कशात?

अनघा
कशातच नाही. संध्याकाळी राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत धडधाकट माणसाला गाडी काढता येत नाही. बहिणीला म्हणावं, वडोदऱ्यात बसून तत्त्वं सांगणं सोपं आहे. इथे येऊन पंधरा दिवस त्यांना सांभाळून दाखव.

कुळकर्णीकाका (निवृत्त वकील)
१८७२ च्या करार कायद्यातलं कलम १६ पाहा. एक माणूस दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालवू शकेल असं नातं हवं, आणि त्या जोरावर त्याने गैरवाजवी फायदा उपटलेला हवा. वय किंवा आजारपणामुळे दुबळ्या झालेल्या मनाचा उल्लेखही तिथे आहे. तुम्ही घर नावावर करून घेतलं असतंत तर गोष्ट वेगळी होती. इथे तुमच्या पदरात काय पडलं? किल्ली. प्रश्न मिटला.

मंदार, ग्वाल्हेर
माझ्या आईच्या बाबतीत अगदी हेच झालं. एफडी मोडायला गेली, तर काउंटरवरच्या पोराने "मावशी, आज शेवटचा दिवस" म्हणून पॉलिसी गळ्यात मारली. वैभवजी, तुमच्या बाबांची पॉलिसी कागद मिळून ३० दिवसांच्या आत असेल तर परत करता येते, लगेच अर्ज टाका.

शरयू
मंदार, पॉलिसी कुणीच घेतलेली नाही इथे. आणि तुमच्या आईचं प्रकरण सोपं आहे. "शेवटचा दिवस" हे धडधडीत खोटं होतं. वैभवचं अवघड आहे, कारण वाक्य खरं आहे.

काका, कलम १६ हे करार मोडता येतो का एवढंच ठरवतं. त्यात फायदा लागतो. पण फायदा न घेताही माणसाला चुकीचं वागवता येतं. नाहीतर आईबापांनी रडून-उपाशी राहून जमवलेली सगळी लग्नं निर्दोष ठरतील. त्यांनाही मुलांचं भलंच हवं असतं.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते, म्हणून एकाच माणसाचं नाव घेते. रॉबर्ट नॉगलने १९९६ मध्ये मांडलं की समोरच्याच्या समजुती, इच्छा आणि भावना जिथे असायला हव्यात असं फिरवणाऱ्याला स्वतःलाच वाटतं, तिथून तो त्या मुद्दाम हलवतो, तेव्हा ते मॅनिप्युलेशन. म्हणजे भावनेला हात घालणं हा गुन्हा नाही. धोका खरा असेल तर बाबांना भीती वाटायलाच हवी, आणि ती जागवणं हे पटवणंच आहे. मग इथे कोणती भीती जागवली? रस्त्याची की नातवाची? आणि नातू आपणहून घाबरला, अशी बाबांची समजूत झाली. ती खोटी आहे आणि तीच पेरायची होती. वाक्य खरं, पण ते कुणाच्या मनातून आलं हे लपवलं.

अनघा
शरयूताई, मुलाला आबा हवेच आहेत ना? रडू खरंच होतं. वैभवने फक्त आठवण करून दिली. आणि लपवणं एवढंच वाईट असेल तर वाढदिवसाची सरप्राइझ पार्टीही वाईट.

शरयू
पार्टीचा मुद्दा मान्य. लपवलं म्हणून वाईट, एवढ्याने भागत नाही. उलटंही होतं. "तू गेलास तर मी जेवणार नाही" हे उघड्यावर म्हटलेलं असतं, तरी ते दडपणच. म्हणून मी विचारते: जे केलं त्याने बाबांना धोका नीट तोलता आला, की तोलायची वेळच आली नाही? नातवाच्या रडण्यावर "नाही" कसं म्हणणार माणूस?

प्राजक्ता
मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी करते. बाबा हट्टाने बोलत नाहीयेत. काचबिंदूत बहुतेक वेळा आधी कडेची नजर जाते, आणि गेलेली जागा काळी दिसत नाही. मेंदू ती आजूबाजूच्या चित्राने भरून टाकतो. समोरचा तक्ता ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकतील. पण डावीकडून येणारी रिक्षा त्यांच्यासाठी अगदी जवळ आल्यावर अचानक उगवते. तेव्हा "मला स्वच्छ दिसतं" हे ते प्रामाणिकपणे सांगताहेत.

फील्ड टेस्ट झाली असेलच. एक डोळा झाकून, समोरच्या ठिपक्यावर नजर रोखून, दिवा चमकला की बटण दाबायचं, ती. तिच्या कागदावर जिथे दिसत नाही तो भाग काळा-करडा छापून येतो. तो कागद बाबांना कुणी समोर बसून समजावला का? की डॉक्टर तुमच्याशी बोलले आणि बाबा बाहेर बाकावर?

वैभव
टेस्ट दोनदा झाली. डॉक्टर माझ्याशी बोलले. फाइल माझ्या कपाटात आहे. बाबांना एवढंच सांगितलं की प्रेशर जास्त आहे, थेंब चुकवू नका.

प्राजक्ता
मग बाबांकडे निर्णय घ्यायला लागणारा कागदच नव्हता. आणि आजही नाही. स्कूटर सुटली, पण "मला दिसतं" जागच्या जागी आहे. उद्या नातू सुट्टीत आजोळी गेला की किल्ली मागतील. त्याहून वाईट म्हणजे, छान दिसतंय तर थेंब कशाला, असं म्हणून थेंब सोडणारे कितीतरी येतात आमच्याकडे. गेलेली नजर परत येत नाही, थेंब फक्त उरलेली राखायला मदत करतात.

कुळकर्णीकाका
हा मुद्दा लागू आहे. पण मी म्हणेन की किल्ली सरळ लपवली असती तर? जबरदस्ती खरी, पण उघड. भांडता तरी आलं असतं त्यांना.

अनघा
काका, ७६ वर्षांच्या माणसाची किल्ली लपवायची आणि त्याला सभ्य म्हणायचं? घरात महिनाभर अबोला. आणि कागद दाखवूनही ते म्हणाले "मशीन खराब आहे", मग? रस्त्यावर दुसऱ्याचं पोर पण असतं. प्रत्येकाला तोलायला वेळ देत बसलो तर कुणाला तरी उडवून झाल्यावर तोलणं होईल.

शरयू
दुसऱ्याचं पोर हा मुद्दा मजबूत आहे, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कागद दाखवून, डॉक्टरांना त्यांच्याशीच बोलायला लावून, राजवाड्याला रिक्षाने जाता येईल हे दाखवूनही ते गाडी काढतच राहिले, तर मी काकांच्या बाजूने जाईन. उघडपणे किल्ली काढून घ्यावी, कारणही सांगावं. पण वैभवने आधीच्या पायऱ्या चढल्याच नाहीत. सगळ्यात मऊ जागा हेरली आणि तिथून सुरुवात केली. शिवाय त्या मुलाला काय शिकवलं गेलं, हे वेगळंच.

वैभव
मुलाचं सोडा, तो विसरलासुद्धा. फाइल आज बाबांना देतो, तारीख घेऊन डॉक्टरांकडे त्यांनाच आत बसवतो. मी शिकवून पाठवलं होतं हे मात्र सांगणार नाही. त्याने काय साधेल? दोघांचं बुद्धिबळ बिघडेल.

शरयू
न सांगण्याचं कारण तेच असेल तर ठीक. कळलं तर किल्ली परत मागतील म्हणून नसावं.

अनघा
असलं तरी चालेल मला.

मंदार, ग्वाल्हेर
आईचे २६ दिवस झालेत. अर्ज शाखेत द्यायचा की विमा कंपनीला? कुणाला माहीत असेल तर सांगा.

कुळकर्णीकाका
कंपनीला. लेखी द्या, पोच घ्या, शाखेत त्याची प्रत. आजच जा.