बंकरमधून बॉल निघेना, मदत हवी आहे

मंडळी, पुण्यातच गोल्फ शिकायला लागून ४ महिने झालेत, पण ग्रीनजवळच्या बंकरमध्ये उतरलं की हातच आखडतात. सँड वेज ५६ डिग्रीचा, बाउन्स १२. आधी फेस उघडून मगच ग्रिप धरतो, बॉलच्या २ इंच मागे वाळूत मारतो, आणि कोरड्या मऊ वाळूत क्लबचा तळ सरकून बॉल छान उचलला जातो. पण काल पावसानंतर वाळू घट्ट बसलेली, तिथे तोच शॉट मारला तर क्लब वाळूवर आपटून उडाला, कडा बॉलच्या मधोमध लागली आणि बॉल ग्रीनपलीकडे! ओल्या वाळूत फेस कमी उघडायचा का, किती? की भीतीने माझा स्विंगच अर्धवट थांबतोय, हे कसं ओळखू?