खोडलेली आकडेमोड वाचावी की नुसती फुली मारावी?

समासपट्टी: एका निवृत्त बाईंनी निरोप समारंभात केलेलं छोटंसं भाषण देते आहे.

«इतकी वर्षं पेपर तपासताना एक गोष्ट पक्की झाली. उत्तर चुकतं तेव्हा बहुतेकदा मुलाने विचार केलेलाच असतो, फक्त त्याने धरलेला नियम वेगळा असतो. ५०३ मधून २६७ वजा करून कुणी ३६४ लिहितं, कुणी ३३६. फुली दोघांनाही मिळते, पण दोघांना शिकवायचं असतं वेगवेगळं. म्हणून मी खोडलेलं आधी वाचत आले.»

ऐकायला छान आहे. पण गठ्ठा समोर असताना हे कुणाला जमतं? मला तरी ही निरोपाच्या दिवशीची भाषा वाटते.

लालशाई: ‘निरोपाच्या दिवशीची भाषा’ हे वाचून राहवलं नाही. मीही पेपर तपासतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

३६४ लिहिणारं मूल प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान वजा करतं. सातातून तीन गेले चार, सहातून शून्य गेलं सहा, पाचातून दोन गेले तीन. वर-खाली कोण आहे ते बघतच नाही. त्याच्या पेपरात एकही अंक खोडलेला दिसत नाही. हातचा घ्यायची वेळच त्याच्यावर येत नाही.

३३६ वाल्याचा पेपर बघा. तीनाचे तेरा केलेत, शून्यावर तिरकी रेघ मारून वर बारीक नऊ लिहिलाय, पण शेजारचा पाच तसाच ठेवलाय. शून्याकडून हातचा मागितला, शून्याने तो पाचाकडून आणायचा हे राहिलं. याला हातचा येतो, फक्त शून्य आडवं आलं की अडतो. पहिल्याला वजाबाकी मुळापासून दाखवावी लागेल, दुसऱ्याला एका पायरीवर थांबवलं की पुरे.

सरळहिशोब: एवढा अर्थ काढू नका हो. मुलं घाई करतात, लक्ष नसतं, चुकतात. एका उत्तरावरून मनात काय चाललंय ते सांगणं म्हणजे हात बघून भविष्य सांगणं!

लालशाई: एका उत्तरावरून नाहीच सांगायचं, इथे तुमचं बरोबर. पण घाईची चूक एकदा होते, नियमाची चूक पुन्हा तशीच येते. आणखी दोन गणितं द्या. ७२ वजा ३८ मध्ये पहिला मुलगा ४६ लिहील, दुसरा बरोबर ३४ काढेल, कारण तिथे शून्य नाही. ६०० वजा २४५ मध्ये पहिला ४४५ आणि दुसरा ४५५. असं आलं तर ती घाई नव्हे. मात्र ८५ वजा ४२ देऊन काही कळणार नाही, दोघंही पूर्ण गुण घेऊन जातील. हातच्याशिवायची गणितं देऊन ‘वजाबाकी येते’ म्हणणाऱ्यांचा मला खरा राग आहे.

सरळहिशोब: ठीक, घाईचा मुद्दा मागे घेतो. पण मग ३६४ आणि ३३६ हे पर्याय म्हणून छापा, मूल कशावर खूण करतं ते बघा. हाताने तपासायची गरजच काय?

जुनीपाटी: छापता येतील, पण जे नियम तुम्हाला आधीच माहीत आहेत तेवढेच. १९७८ मध्ये ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी वजाबाकीच्या अशा चुकांची पद्धतशीर मांडणी केली. तिचा पसारा पाहिलात तर चार पर्यायांत काय मावणार ते कळेल. शिवाय पर्यायात अंदाजाने टाकलेली खूणही तशीच दिसते.

आईपण: खाडाखोड वाचतात म्हणे! माझ्या मुलीची रीत बरोबर, उत्तर बरोबर, आणि ‘अस्वच्छ’ म्हणून गुण कापले. तेव्हापासून ती सगळं खोडरबराने पुसते. आता बसा वाचत.

समासपट्टी: विषय वजाबाकीचा चाललाय.

आईपण: विषय हाच आहे! पुसायला लावणारे तुम्हीच, मग मुलांचा विचार दिसत नाही म्हणून भाषणं करणारेही तुम्हीच.

सरळहिशोब: अक्षर वाचता आलं नाही तर गुण कसे द्यायचे? शिस्त नको का?

आईपण: वाचता येत होतं. उत्तराला ‘बरोबर’ची खूण केलीच होती ना?

जुनीपाटी: ताईंच्या तक्रारीत दम आहे. सुबक अक्षरातला चुकीचा तर्क नजरेतून निसटतो आणि गिचमिड अक्षरातल्या बरोबर तर्काला संशयाने बघितलं जातं. मी नाव झाकून तपासायचे, तरी अक्षर ओळखू यायचंच. हाताने लिहिलेल्या पेपरची ही खोट आहे. बाईंनी भाषणात तिचा उल्लेख करायला हवा होता.

लालशाई: मान्य, नाइलाजाने. पण टापटिपीचे गुण वेगळे ठेवा, गणिताचे कापू नका. आणि खोडरबर बंद करा. चुकलं की एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी.

समासपट्टी: वेळेचं कुणीच बोलत नाही. गठ्ठा परवा द्यायचाय.

लालशाई: सगळ्यांचं वाचू नका. ज्यांचं उत्तर बरोबर आहे ते बाजूला ठेवा, उरलेल्यांत सारखी चुकीची उत्तरं एकत्र करा. मग प्रत्येक ढिगातला एकच पेपर नीट बघा.

समासपट्टी: आणि ज्याचं उत्तर कुठल्याच ढिगात बसत नाही?

जुनीपाटी: त्याला जवळ बोलावून मोठ्याने बोलत तेच गणित करायला सांगायचं. त्याला वेळ लागतो, तिथे तुमचं खरं आहे.