मदत हवी आहे: भारत ३१ टक्के शहरी, मेक्सिको ७८ टक्के. ही तुलना टिकेल का?

धरमपेठ_भूगोल:
नागपुरात एम.ए. भूगोल करतेय, सेमिनारसाठी तक्ता केलाय. २०११ च्या जनगणनेत भारताची जवळपास ३१ टक्के लोकसंख्या शहरी, मेक्सिकोच्या २०१० च्या जनगणनेत जवळपास ७८ टक्के. मी लिहिलं होतं की आपण त्यांच्या निम्म्यानेही शहरी नाही. सरांनी शेजारी पेन्सिलने लिहून दिलं, "शहर कोणी ठरवलं?" व्याख्या वेगळ्या आहेत इतकं कळतं. पण त्या फरकाने आकडा किती हलतो आणि ते दाखवायचं कसं?

हिंगणारोड:
ताई, बरं झालं विषय काढला. आमची ग्रामपंचायत आहे, पण चारही बाजूंनी फ्लॅट स्कीम, शेत औषधालाही नाही. जनगणनेत शहर म्हणून नोंद झाली तर घरपट्टी वाढते काय? आणि नळाला पाणी कधी येणार?

विदर्भीपोट्टा:
सोपं आहे. सगळीकडे ५००० लोकसंख्येची एकच रेषा लावा. भारत एकदम ४७ टक्क्यांच्या आसपास जातो, २५०० लावली तर ६५ च्या. मेक्सिकोची रेषा २५०० चीच आहे. म्हणजे ४७ टक्क्यांची दरी १३ वर आली. विषय संपला.

निवृत्त_सांख्यिकी:
हिंगणारोड, कर जनगणना ठरवत नाही. राज्य सरकारने नगरपंचायत किंवा नगरपरिषद केली तरच कारभार बदलतो. जनगणनेच्या पुस्तकात शहर आणि कारभारात ग्रामपंचायत अशी ३८९४ ठिकाणं २०११ मध्ये होती. त्यांना जनगणना नगर म्हणतात. पाण्याचं मात्र मला विचारू नका.

धरमपेठ_भूगोल, तुमचं उत्तर या जनगणना नगरांतच आहे. महापालिका, नगरपरिषद, कटक मंडळ असेल तर ते ठिकाण आपोआप शहरी. बाकीच्यांना तीन अटी एकदम पाळाव्या लागतात: लोकसंख्या किमान ५०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. बायकांचं काम या तिसऱ्या अटीत धरलेलंच नाही.

आता मनातलं एक गाव घ्या. लोकसंख्या ९०००. मुख्य काम करणारे पुरुष २५००, त्यांतले शेतकरी आणि शेतमजूर मिळून ५००. म्हणजे ८० टक्के शेतीबाहेर. दोन अटी आरामात पास. पण गावाचं शिवार ३० चौरस किलोमीटर, म्हणून घनता ३००. नापास! मग हे सगळे ९००० लोक ग्रामीण. गावठाणात घराला घर चिकटलेलं असलं तरी भागाकार सगळ्या शिवाराने होतो. हेच गाव मेक्सिकोत असतं तर प्रश्नच नव्हता.

एका जिल्ह्यासाठी तुम्ही हे स्वतः करून बघा. जनगणनेच्या प्राथमिक सारांशात (PCA) गाववार रकाने मिळतात:

```
1 - (MAIN_CL_M + MAIN_AL_M) / MAINWORK_M
```

CL म्हणजे शेतकरी, AL शेतमजूर, शेवटचा M पुरुष. उत्तर ०.७५ किंवा जास्त आलं की कामाची अट पास. TOT_P मध्ये लोकसंख्या, क्षेत्रफळ जिल्हा जनगणना पुस्तिकेतून घ्या. मग एकेक अट काढून किती लोक शहरी होतात ते मोजा. जगाचा तक्ता मांडण्यापेक्षा हे सेमिनारमध्ये जास्त पटेल, असं माझं मत.

विदर्भीपोट्टा:
पण मी म्हटलं तेच झालं ना? लोकसंख्येची अट ठेवा, बाकी दोन काढा.

निवृत्त_सांख्यिकी:
अर्धं. तुमची २५०० ची रेषा इथे महसुली गावाला लागते. आपल्याकडे एका महसुली गावात मूळ गाव, दूरचा तांडा, एखादा पाडा, सगळं एकत्र मोजतात. ६००, ९०० आणि ११०० ची तीन वस्ती मिळून २६०० झाली की तुमच्या हिशेबात शहर! मेक्सिको एकेक वस्ती सुटी मोजतो. त्यामुळे ६५ हा आकडा फुगलेला, जसा ३१ आखडलेला. दरी १३ पेक्षा मोठी आणि ४७ पेक्षा लहान, एवढंच ठामपणे म्हणता येतं.

धरमपेठ_भूगोल:
मग केरळ? २००१ मध्ये २६ टक्के शहरी, २०११ मध्ये ४७.७. दहा वर्षांत एवढे लोक शहरात गेले?

निवृत्त_सांख्यिकी:
गेले नाहीत, बहुतेक जागेवरच होते. पुरुष शेतीतून बाहेर पडले आणि गावंच्या गावं जनगणना नगर झाली. तिथे घनता आधीपासूनच भरपूर, त्यामुळे आपल्या मनातल्या गावासारखं अडलं नाही. शिवाय २०११ ची यादी गणनेआधीच, २००१ चे आकडे बघून ठरवली होती. मधल्या दहा वर्षांत बदललेली गावं त्या यादीत आलीच असतील असं नाही.

विदर्भीपोट्टा:
उपग्रहाच्या चित्रावरून चौकोन पाडून का मोजत नाहीत मग?

निवृत्त_सांख्यिकी:
संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये एक किलोमीटरच्या चौकोनांची पद्धत देशोदेशीच्या तुलनेसाठी मान्य केली आहे. तिथे कामाची अट नाही, फक्त घनता आणि सलग चौकोनांतली लोकसंख्या. पण गावाचा आकडा चौकोनांत वाटताना अंदाज लागतोच, आणि दाट वस्तीचं शेतकऱ्यांचं गावही त्यात शहरी होऊन बसतं. मला ते पटत नाही. इथे बऱ्याच जणांना पटेल.

धरमपेठ_भूगोल:
नागपूर जिल्ह्याची फाईल उतरवली. पण काही गावांचं MAINWORK_M शून्य दिसतंय, भागाकार अडतो. अशी गावं वगळायची का?

निवृत्त_सांख्यिकी:
TOT_P बघा. तोही शून्य असेल तर ते रिठी गाव, बिनधास्त वगळा. नसेल तर नाव टाका इथे.