मदत हवी आहे: सहावीची मुलं मार्कांपलीकडे बघतच नाहीत

खडूफळा (तासगाव):
सहावीला गणित शिकवते. चाळीसेक मुलं. घटक चाचणीचे पेपर वाटले की नजर आधी स्वतःच्या मार्कांवर, मग शेजाऱ्याच्या. चूक काय झाली, कुणी बघत नाही. मागची चार-पाच मुलं अवघड गणित दिसताच पेन खाली ठेवतात. पहिल्या तिघांतली एक मुलगी फळ्यावर यायला घाबरते, चुकलं तर नंबर जाईल म्हणून. शाळेत पहिल्या तिघांची नावं फलकावर लागतात आणि गटही मार्कांप्रमाणेच. हे बदलायचंय. सुरुवात कुठून करू?

मिरजकर:
मार्क बंदच करा. सगळ्यांना शाबासकी द्या, मुलं खूश.

गणितवाट (कराड):
मार्क बंद करता येणार नाहीत, नोंदवावेच लागतात. सरसकट शाबासकीही नको. सोप्या गणिताला "वा, छान" म्हटलं की मुलाला बरोब्बर कळतं, बाईंची आपल्याकडून एवढीच अपेक्षा आहे.

बाई, सुरुवात पेपर परत देण्यापासून करा. पहिल्या दिवशी मार्क न घालता द्या. समजा एकाने २/३ + १/४ = ३/७ लिहिलंय. फुली मारू नका, शेजारी लिहा: "२/३ च निम्म्यापेक्षा जास्त आहे, मग बेरीज निम्म्यापेक्षा कमी कशी? पट्टीचं चित्र काढून बघ." एक तास दुरुस्तीला द्या. मार्क दुसऱ्या दिवशी सांगा. दोन्ही एकदम दिलं तर शेरा वाया जातो. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासातही नुसता शेरा मिळालेल्या मुलांची गोडी टिकली, मार्क आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांची घटली.

दुरुस्तीच्या तासाला गट चुकीवरून करा. छेद-छेद मिळवणारे आज एकत्र, पुढच्या धड्याला गट मोडायचा. तोच गट वर्षभर राहिला तर मुलं त्याला "ढ गट" म्हणणारच. ज्यांचं बरोबर आलंय, त्यांना ११/१२ उत्तर येईल अशी आणखी दोन गणितं स्वतः तयार करायला सांगा. तुमची ती घाबरणारी मुलगी इथे अडेल, अडू द्या.

वाईची आई:
माझी मुलगी शिष्यवृत्तीला बसणार आहे. तिथे गुणवत्ता यादी लागतेच. वर्गात नंबर काढले नाहीत तर ती मागे नाही का पडणार? क्लास लावू का?

गणितवाट:
ताई, वेळ लावून सराव पेपर सोडवून घ्याच. नंतर चुकलेला प्रत्येक प्रश्न तिलाच विचारा: वाचताना चुकलं, आकडेमोडीत, की मुळात कळलंच नव्हतं? तिन्हींवर उपाय वेगळे. क्लाससाठी वेगळा धागा काढा.

खडूफळा:
पुढच्या चाचणीला करते. पण चाळीस पेपरांवर शेरे कधी लिहू? आणि फलक मुख्याध्यापकांना हवाच आहे.

गणितवाट:
एकाच गणितावर शेरा लिहा. चुकांचे तीन-चारच प्रकार निघतात. फरक पडतोय का, ते पेपर वाटताना कान देऊन ऐका. "तुला किती?" कमी झालं आणि "हे कसं केलंस?" ऐकू आलं तर पडतोय. फलकाचं मात्र आमच्याकडेही सुटलेलं नाही.

मिरजकर:
फलक राहू दे, नावांऐवजी एखाद्याने वेगळ्या रीतीने सोडवलेलं गणित लावा.

खडूफळा:
हे सोमवारी सरांना विचारते. पालक काय म्हणतील, बघू.