मदत हवी आहे: चार पेशंटपैकी आधी कोणाकडे जायचं? एबीसी लावूनही उत्तर चुकतंय

अभ्यासिका_दादर
स्टाफ नर्सच्या परीक्षेची तयारी करतेय. सराव पेपरमधल्या या प्रश्नावर आमच्या ग्रुपमध्ये तीन वेगवेगळी उत्तरं आली. सर्जिकल वॉर्ड, हँडओव्हर नुकताच झालाय, सर्वात आधी कोणाला बघाल?

क) ६८ वर्षांचे आजोबा, जुना सीओपीडी. नाकातल्या नळीने २ लिटर ऑक्सिजन, सॅच्युरेशन ९०. पुढे वाकून बसलेत, पूर्ण वाक्यं बोलतात.
ख) ४२ वर्षांच्या बाई, पाच तासांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन. ‘गळ्याला पट्टी आवळल्यासारखी वाटते’ म्हणतात, आवाज सकाळपेक्षा घोगरा झालाय, थुंकी गिळायला त्रास. सॅच्युरेशन ९७, बीपी १३०/८४, ड्रेसिंग कोरडं.
ग) ५५ वर्षांचे गृहस्थ, काल पोटाचं ऑपरेशन. बीपी ८८/५४, नाडी १२४, अंग गार, ड्रेनमध्ये दोन तासांत ३५० मिली ताजं रक्त.
घ) २६ वर्षांचा मुलगा, पायाला प्लास्टर. दुखणं दहापैकी नऊ, ओरडतोय. बोटं गरम आहेत, हलवतोय.

मी क लिहिलं, कारण ९० हा सगळ्यांत कमी आकडा. मैत्रिणीचं उत्तर ग. आन्सर की म्हणते ख. सॅच्युरेशन ९७ असताना ती बाई पहिली कशी?

शंतनू_जीएनएम
सरळ आहे. अक्षरांच्या क्रमाने जायचं. ए म्हणजे श्वासाची वाट, तिथे ख; मग बी म्हणजे श्वास, तिथे क; मग सी म्हणजे रक्ताभिसरण, तिथे ग. घ शेवटी, दुखण्याने कोणी मरत नाही.

परळच्या_सिस्टर
शंतनू, पहिलं नाव बरोबर आहे, पण दुसऱ्यावर मार्क जातील. ख नंतर ग येतो, क नाही.

एबीसी लावायच्या आधी प्रत्येकाबद्दल विचारायचं: हे नवीन आहे की त्याचं नेहमीचंच? सीओपीडीत आपण सॅच्युरेशन ८८ ते ९२ च ठेवतो. आजोबा ९० वर आहेत आणि पूर्ण वाक्यं बोलतात, म्हणजे ठरवलेल्या ठिकाणीच आहेत. पुढे वाकून बसणं ही त्यांची सवयीची बैठक. प्रश्न काढणारा तो आकडा मुद्दाम टाकतो, कारण ९० दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. ग मात्र डोळ्यांसमोर शॉकमध्ये जातोय. स्थिर ‘बी’पेक्षा बिघडत चाललेला ‘सी’ आधी.

आता ख. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आत रक्त साचलं, तर ते मानेच्या स्नायूंच्या पडद्याखाली अडकतं. जागा अगदी थोडी. दाबामुळे शिरांमधून रक्त परत जाणं अडतं आणि स्वरयंत्राच्या आतलं अस्तर सुजायला लागतं. श्वासाची वाट आतून बंद होत जाते, पण हवा थोडी जरी जात असली तरी सॅच्युरेशन छान दिसतं. ते सगळ्यात शेवटी पडतं, आणि पडलं की मिनिटं उरतात. म्हणून ९७ वर विसंबायचं नाही. कोरड्या ड्रेसिंगवरही नाही. रक्त खोल असतं किंवा ओघळून मानेच्या मागे जातं, म्हणून मानेखाली हात घालून बघायचं. ड्रेन रिकामा असला तरी तो गुठळीने बंद झालेला असू शकतो.

पट्टी आवळल्यासारखी वाटणं, आवाज बदलणं, गिळायला त्रास हे तिन्ही एकत्र आले की समजायचं, वाट आवळत चाललीय. श्वास घेताना घर्र असा आवाज यायची वाट बघायची नाही. तो उशिरा येतो.

अभ्यासिका_दादर
आता कळलं. पण याच्या पुढचाच प्रश्न होता, ‘ख साठी पहिली कृती कोणती?’ पर्याय: कॅल्शियम तपासायला रक्त पाठवणं, ड्रेसिंग सैल करून १५ मिनिटांनी पुन्हा बघणं, उठतं बसवून ऑक्सिजन लावून सर्जनला तातडीने बोलावणं आणि टाके काढायचा ट्रे उघडणं, दुखण्याचं इंजेक्शन. मी कॅल्शियम लिहिलं, थायरॉइड म्हटलं की तेच आठवतं.

परळच्या_सिस्टर
तिसरा पर्याय. कॅल्शियम उतरतं ते बहुतेक वेळा २४ ते ४८ तासांत, आणि त्याची सुरुवात ओठांभोवती नि बोटांच्या टोकांना मुंग्यांनी होते. इथे ऑपरेशनला पाचच तास झालेत आणि मुंग्यांचा उल्लेखच नाही. प्रश्नात तास दिलेले असतात ते याचसाठी, त्याखाली रेघ मारत जा. दुसऱ्या पर्यायात पट्टी सैल होते, पण दाब टाक्यांच्या आत आहे, तो तसाच राहतो, आणि १५ मिनिटं फुकट जातात. गुंगी आणणारं इंजेक्शन तर नकोच. वाट बंद होऊ लागली, तर तिथेच पलंगावर टाके कापून त्वचा आणि खालचा स्नायूंचा थर उघडून रक्त काढावं लागतं. ओटीपर्यंत न्यायला वेळ नसतो. म्हणून तो ट्रे पहिल्या दिवशी उशाशीच ठेवलेला असतो.

मेधा_वसई
सासूबाईंचं थायरॉइडचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, हे वाचून घाबरायला झालं. आवाज बसला की लगेच धावायचं का?

परळच्या_सिस्टर
मेधाताई, इथे परीक्षेचा प्रश्न चाललाय, पण विचारलंत ते चांगलं. घशात घातलेल्या नळीमुळे आवाज थोडा बसणं आणि घसा दुखणं बहुतेकांना होतं, आणि रक्त साचणं क्वचितच होतं. त्रास वाढत गेला, गळा फुगला, आवळल्यासारखं वाटलं, गिळता येईना किंवा श्वासाला आवाज यायला लागला, तर बेल दाबून सिस्टरला तिथेच बोलवा, त्यांना झोपवू नका. रात्री दोन वाजता बोलावलं तरी कोणी रागावणार नाही. घरी आल्यावर असं झालं तर १०८.

कॅज्युअल्टी_नाइट
घ बद्दल शंतनूने फार लवकर निकाल लावला. प्लास्टरमध्ये दाब वाढला की पहिली खूण दुखणंच असते. आपण त्याची बोटं हळूच वर ओढली आणि तो किंचाळला, किंवा औषध देऊनही दुखणं वाढलं, तर तो क च्या पुढे जातो. नाडी लागते आणि बोटं गरम आहेत म्हणून सोडायचं नाही, नाडी जाते ती फार उशिरा. या प्रश्नात तेवढी माहिती नाही, म्हणून तो क नंतर, पण विसरायचा नाही.

शंतनू_जीएनएम
मान्य. मग असं केलं तर? आजोबा आज अचानक पेंगुळलेत, हात पुढे धरले की फडफडतात, सॅच्युरेशन ८४. ख या यादीत नाहीच. आता क आधी की ग?

परळच्या_सिस्टर
परीक्षेत क. ही नवीन गुंगी आहे, कार्बन डायऑक्साइड साचतोय, म्हणजे ‘बी’ खरोखर कोसळतोय.

कॅज्युअल्टी_नाइट
मला हे इतकं पक्कं वाटत नाही. जखमींमध्ये धो-धो वाहणारं रक्त आम्ही वाटेच्याही आधी थांबवतो.

परळच्या_सिस्टर
ते हाताने दाबून थांबवता येतं म्हणून. पोटातल्या रक्ताला पलंगाशी उभी राहून सिस्टर काय दाबणार? ती सर्जनला बोलावेल, सलाइन जोरात सोडेल, रक्ताची व्यवस्था करेल.

कॅज्युअल्टी_नाइट
त्यातलं बोलावणं तरी आधी व्हायला हवं ना? वॉर्डात दोघी असतील तर एक इकडे, एक तिकडे.

अभ्यासिका_दादर
पेपरमध्ये मी एकटीच असते, असंच धरायचं ना? आणि पर्यायात ‘मदतीला हाक मारणं’ असेल, तर ते पहिलं?

परळच्या_सिस्टर
हो, एकटीच धर. हाकेचं मात्र प्रश्न वाचूनच ठरतं. ‘कोणाकडे जाल’ विचारलं असेल तर पेशंट निवड. ‘पहिली कृती’ विचारली असेल आणि पेशंट समोर कोसळत असेल, तर त्याच्याजवळ थांबून हाक मारणं बरोबर. त्याला सोडून फोन करायला जाणं असा पर्याय असेल तर तो खोड. क विरुद्ध ग चा पूर्ण प्रश्न कुणाकडे आन्सर कीसकट असेल तर इथे टाका.