शब्दचर्चा: संमतीपत्रातील ‘जोखीम’ अरबीत कशी लिहावी?

पेठेतला_वाचक: पुण्यात अँजिओग्राफीसाठी आलेल्या एका इराकी रुग्णाच्या मुलाने रुग्णालयाच्या संमतीपत्राचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला आहे आणि अरबी भाषांतर मला उद्या सकाळी द्यायचे आहे. मराठी रकान्यातील वाक्य असे आहे: ‘या तपासणीत हजारात एका रुग्णास पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू संभवतो.’ ‘जोखीम’ या मथळ्यासाठी ‘खतर’ लिहिल्यास वडील घाबरतील, म्हणून नुसते ‘मुदाअफात’ लिहावे आणि जमल्यास मृत्यूचा उल्लेख गाळावा, असे मुलाचे म्हणणे आहे. जाणकारांनी मत द्यावे.

मस्कतवासी: ‘मुदाअफात’ म्हणजे उपचारातून उद्भवणारी गुंतागुंत, ती उद्भवण्याची शक्यता सांगायची तर ‘मखातिर’ हवे. अरबी संमतीपत्रांत बहुधा दोन्ही शब्द शेजारी ठेवतात आणि पुढे ‘मुह्तमला’, म्हणजे संभाव्य, असे विशेषण जोडतात. तसेच करावे. मृत्यू मात्र गाळता येणार नाही. ‘मौत’ऐवजी ‘वफात’ लिहिले की शब्द सौम्य होतो, आशय तोच राहतो. भाषांतरकाराला सवलत आहे ती एवढीच.

दफ्तरदार: इतका घोळ कशासाठी? आपल्या जुन्या दप्तरांतील ‘इकरार’, ‘रजा’, ‘हक्क’ हे सारे शब्द मुळात अरबीच आहेत. मथळा ‘इकरार’ द्यावा, म्हणजे कागद भारदस्त होईल. जिथून शब्द घेतला तिथेच तो परत पाठवायला संकोच कसला?

मस्कतवासी: शब्द तिकडचा आहे आणि अरबी फॉर्मवर तो दिसतोही, हे मान्य. परंतु ‘इकरार’ म्हणजे कबुली. ‘मला सर्व सांगितले गेले हे मी कबूल करतो’ हे वाक्य रुग्णालयाच्या सोयीचे आहे; ‘समजून घेऊन मी संमती देतो’ यासाठी ‘मुवाफका’च लागते. मथळ्यात एकटा ‘इकरार’ राहिला, तर प्रश्न विचारण्याची आणि नकार देण्याची मुभा वाचणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

कृष्णाकाठ: माझ्या सासऱ्यांच्या बायपासच्या वेळी सही माझ्याकडूनच घेतली होती आणि त्यांना काहीही वाचायला दिले नव्हते. इथेही मुलाने सही करावी. मग भाषांतराचा खटाटोप हवाच कशाला?

पेठेतला_वाचक: ताई, वडील शुद्धीवर आहेत आणि स्वतःचा निर्णय घेऊ शकतात. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली हाच मुद्दा निकालात काढला: तातडीची गरज नसताना सज्ञान, निर्णयक्षम रुग्णाच्या वतीने आईने दिलेली संमतीही ग्राह्य धरली नाही. त्यामुळे कागद वडिलांनाच कळला पाहिजे.
आता दुसरी अडचण. इंग्रजी रकान्यात मला ‘01%’ दिसते आहे. कागदाची घडी नेमकी तिथेच आली आहे.

मस्कतवासी: तो ‘0.1%’ असणार, कारण मराठी रकाना हजारात एक म्हणतो; टिंब घडीत गेले की जोखीम दहापट होते. तरीही कागद सपाट ठेवून फोटो पुन्हा मागवावा. अरबीत आकडा घालूच नये, ‘वाहिद मिन कुल्ल अल्फ’ असे अक्षरी लिहावे. अरबी अंकांत शून्य हेच एक टिंब असते आणि पाचाचा आकार आपल्या शून्यासारखा दिसतो. झेरॉक्सवर पुन्हा तोच गोंधळ होईल. आणि फोटोच्या तळाशी काय आहे?

पेठेतला_वाचक: ‘रुग्णास आपली संमती कोणत्याही वेळी मागे घेण्याचा हक्क असून त्यामुळे’ एवढेच. पुढचे कापले गेले आहे. ‘त्याच्या अन्य उपचारांवर परिणाम होणार नाही’ असे मी पूर्ण करून टाकतो.

मस्कतवासी: कृपया करू नका. पुढे ‘जमा रक्कम परत मिळणार नाही’ असेही असू शकते. दुसरा फोटो येईपर्यंत तिथे चौकटी कंसात ‘गैर मकरूअ’, म्हणजे वाचता येत नाही, अशी नोंद ठेवावी.

दफ्तरदार: ‘संभवतो’साठी आपण ‘कद’ वापरणार असाल, तर सावध राहावे. आमच्या मौलवींनी शिकवले होते की ‘कद’ निश्चितपणा दाखवतो. रुग्ण वाचेल, ‘मृत्यू नक्की’!

मस्कतवासी: भूतकाळी क्रियापदापूर्वी ते खरे आहे. वर्तमानकाळी रूपापूर्वी, ‘कद यहदुस’ असे लिहिले की अर्थ ‘घडू शकते’ असाच होतो. क्रियापदाचे रूप चुकले तरच आपली भीती खरी ठरेल.

दफ्तरदार: तरी ‘युम्किन’ अधिक निर्धोक नाही का? आणि फॉर्ममधील ‘जागेपुरती भूल’ कशी लिहिणार? बोली अरबीत भुलीला ‘बंज’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या भांगेपासून फारसीमार्गे तिकडे गेला आहे.

मस्कतवासी: व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु कागदावर ‘तख्दीर मौदिई’ लिहावे.

पेठेतला_वाचक: रुग्ण फारसे शिकलेले नाहीत आणि मुलगा म्हणतो की घरी सगळे ‘बंज’च म्हणतात. कागद त्यांना कळायचा असेल, तर ‘बंज’ला हरकत का असावी?

दफ्तरदार: अगदी बरोबर! शिवाय ‘तख्दीर’च्याच धातूपासून अमली पदार्थांचा ‘मुखद्दिरात’ हा शब्द होतो. त्यापेक्षा आपली भांग काय वाईट?